६०° वरून सोडलेला लंबक: चार रीती, चार आवर्तकाल. चूक कुठे?

पलासिया_१२
नमस्कार मंडळी. लंबक दोऱ्याचा, लाकडी गोळ्याचा. टांगणीपासून गोळ्याच्या मध्यापर्यंत लांबी १ मीटर. ६०° वर धरून सोडायचा. इंदूरसाठी g = ९.७८६ धरलाय. आवर्तकालाचे चार आकडे हातात आहेत आणि एकाचं दुसऱ्याशी जमत नाही:

शाळेतलं सूत्र, 2π√(L/g): २.००८५ सेकंद
इंटिग्रल कॉम्प्युटरवर, एक लाख तुकडे पाडून: २.०९४१
scipy च्या `ellipk` ने: २.३७०७
स्टॉपवॉचवर १० आंदोलनं २१.३६ सेकंदांत, म्हणजे एकाला २.१३६

इंटिग्रल हे घेतलंय: T = 4·√(L/2g) · ∫ dθ/√(cosθ − cosθ₀), शून्यापासून θ₀ पर्यंत. वरच्या टोकाला छेद शून्य होतो आणि प्रोग्राम अडतो, म्हणून θ₀ च्या ०.००१ रेडियन अलीकडे थांबवलं. `ellipk` मध्ये k = sin 30° = 0.5 घातला. यातलं खरं कुठलं मानायचं?

विनू_देवास
भिया, पहिलं सूत्र लहान कोनांसाठीच असतं, ६०° ला ते चालणार नाही. त्यावर दुरुस्ती लाव: 1 + θ²/16, θ रेडियनमध्ये. ६०° म्हणजे १.०४७२, वर्ग १.०९६६, भागिले १६ म्हणजे ०.०६८५. आवर्तकाल २.००८५ × १.०६८५ = २.१४६. स्टॉपवॉचच्या जवळ आला, झालं काम. इंटिग्रलच्या नादी कशाला लागायचं? त्याला क्लोज्ड फॉर्मच नाही, म्हणजे नेमकं उत्तर नाहीच. सगळेच अंदाज, त्यातला सोपा घ्या.

आणि इंटिग्रल करायचंच असेल तर सिम्प्सन लावा. ट्रॅपेझॉइडल फारच ढोबळ.

जुनी_पेठ
विषय लंबकाचा निघालाच आहे तर विचारतो. आमच्याकडे भिंतीवरचं जुनं लंबकाचं घड्याळ आहे, दिवसाला दोन मिनिटं मागे पडतं. ते याच इंटिग्रलमुळे असेल का? कोन मोठा झाला की वेळ वाढतो असं वर दिसतंय.

अनुकला
पलासिया, तुमच्या चार आकड्यांपैकी एकही ६०° चं उत्तर नाही. खरं उत्तर २.१५५५ आहे. मात्र प्रत्येक आकडा का चुकला ते नेमकं सांगता येतं, म्हणून एकेक घेऊ. पहिल्याबद्दल विनूंनी सांगितलंच आहे.

दुसरा, २.०९४१. यात तुकडे कमी पडले नाहीत. जो ०.००१ रेडियन सोडून दिला, तोच महागात पडला. छेद शून्य होतो त्या जागी गोळा क्षणभर थांबलेला असतो, म्हणजे तिथे तो सगळ्यात जास्त वेळ घालवतो. हे इंटिग्रलशिवायही तपासता येतं. १ मीटर लांबीवर ०.००१ रेडियन म्हणजे १ मिलिमीटर. टोकाला त्वरण g·sin 60° = ८.४७५. स्थिर अवस्थेतून १ मिलिमीटर जायला √(2 × 0.001 / 8.475) = ०.०१५४ सेकंद लागतात. हा पाव आंदोलनातला तुटवडा, चारपट केला की ०.०६१४. आता २.०९४१ मध्ये मिळवा: २.१५५५.

एका मिलिमीटरने जवळजवळ तीन टक्के खाल्ले. शिवाय हा तुटवडा सोडलेल्या अंतराच्या वर्गमुळाप्रमाणे घटतो. तो शंभरपट कमी करायचा तर अंतर दहा हजारपट कमी करावं लागेल. ०.००१ च्या जागी ०.०००१ घातल्याने फार काही सुधारत नाही.

तिसरा, २.३७०७. हा आकडा मी पाहताक्षणी ओळखला, कारण तो ९०° चा आवर्तकाल आहे. `ellipk` ला k लागत नाही, k² लागतो. तुम्ही 0.5 दिलात, त्याने k² = 0.5 समजून घेतलं, आणि k² = 0.5 म्हणजे sin²45°, म्हणजे सोडण्याचा कोन ९०°. `ellipk(0.25)` करून पाहा. तक्त्यांमध्ये आणि निरनिराळ्या सॉफ्टवेअरमध्ये कुठे k, कुठे k², कुठे थेट कोन मागतात. नवीन ठिकाणी आधी ९०° घालून पाहावं. आवर्तकाल शाळेच्या सूत्राच्या १.१८०३ पट यायला हवा. तो आला की पुढे जावं.

पलासिया_१२
`ellipk(0.25)` = 1.68575. त्याला 4√(L/g) ने गुणून २.१५५५ आलं, ताई. पण मग स्टॉपवॉचचं काय? ०.०२ सेकंदांचा फरक आहे, दहा आंदोलनांत ०.२. हाताचा उशीर सोडताना आणि थांबवताना सारखाच होतो असं धरलं तर इतका पडू नये.

आणि ते `ellipk` आतून नेमकं काय करतं? टोकाच्या शून्याचं ते काय करतं?

विनू_देवास
तेच म्हणतोय, आतून तेही सिम्प्सनसारखंच काहीतरी करत असणार, फक्त लाखाऐवजी कोटी तुकडे.

अनुकला
नाही हो. तुकडे वाढवून हे सुटत नाही, हेच तर वर आलं. टोक टाळून मध्यबिंदू घेतले तरी ६०° ला १०० तुकड्यांत सुमारे २.८ टक्के कमी येतं आणि दहा हजार तुकड्यांतही ०.२८ टक्के कमीच. एक दशांश स्थळ हवं तर काम शंभरपट. यात सिम्प्सनही काही करू शकत नाही, कारण त्याचा सगळा हिशेब फलन टोकापर्यंत गुळगुळीत आहे यावर उभा आहे.

उपाय चल बदलण्याचा. sin(θ/2) = k·sinφ धरा, k = sin(θ₀/2). θ शून्यापासून θ₀ पर्यंत जातो तेव्हा φ शून्यापासून ९०° पर्यंत जातो, आणि इंटिग्रल असं होतं:

T = 4·√(L/g) · ∫ dφ/√(1 − k²sin²φ)

आता छेद कुठेच शून्य होत नाही. ६०° साठी k² = 0.25, आतलं फलन १ पासून १.१५४७ पर्यंत हळूच चढतं. एवढंच केलं की अर्धं काम झालं.

उरलेल्या अर्ध्यात विनूंना नवल वाटेल. फक्त तीन बिंदू घ्या: φ = ०°, ४५°, ९०°. फलनाच्या किमती १, १.०६९०४५ आणि १.१५४७००. ट्रॅपेझॉइडल सरासरी म्हणजे टोकं अर्धी, मधला पूर्ण, भागिले २: १.०७३१९८. ही सरासरी म्हणजेच आवर्तकालाचं शाळेच्या सूत्राशी गुणोत्तर, आणि ते खरं १.०७३१८२ आहे. तीन बिंदूंत चूक लाखात दीड. आता त्याच तीन किमतींना सिम्प्सन लावा: (१ + ४ × १.०६९०४५ + १.१५४७००) / ६ = १.०७१८१३. ही चूक ट्रॅपेझॉइडलच्या जवळजवळ नव्वदपट आहे.

विनू_देवास
हे उलटं कसं? सिम्प्सन वरच्या पायरीचा नियम. पुस्तकात चूक h⁴ ने घटते असं आहे, ट्रॅपेझॉइडलची h² ने.

अनुकला
पुस्तक बरोबर आहे, पण ते कोणत्याही फलनासाठी आहे. ट्रॅपेझॉइडलची ती h² वाली चूक दोन्ही टोकांच्या उतारांतल्या फरकातून येते. पुढची h⁴ वाली तिसऱ्या डेरिव्हेटिव्हच्या फरकातून, असंच पुढे. आपल्या फलनाचा आलेख ०° ला आणि ९०° ला आरशात पाहिल्यासारखा दोन्हीकडे सारखा आहे. त्यामुळे दोन्ही टोकांना उतार शून्य, तिसरा डेरिव्हेटिव्ह शून्य, सगळेच विषम शून्य. चुकीच्या त्या सगळ्या पायऱ्या आपोआप गळतात, आणि जी उरते ती h च्या कुठल्याही घातापेक्षा वेगाने घटते. सिम्प्सन काय करतो, तर h² ची चूक कापण्यासाठी बिंदूंना ४-२-४ असे असमान वजन देतो. इथे कापायला काही नव्हतंच, म्हणून त्याने चांगल्या उत्तरात बिघाड केला.

२२.५° आणि ६७.५° हे आणखी दोन बिंदू घाला (१.०१८८२४ आणि १.१२७५०९). ट्रॅपेझॉइडल १.०७३१८२० देतो, सगळे अंक बरोबर. पाच बिंदू, साधा कॅल्क्युलेटर पुरतो. सिम्प्सन याच पाच बिंदूंवर १.०७३१७७ देतो. वाईट नाही, पण मागेच.

प्रयोगवही
स्टॉपवॉचचा प्रश्न राहिला. पलासिया, दहाव्या आंदोलनाच्या शेवटी गोळा किती अंशांवर येत होता? ६०° वर नक्कीच नाही.

पलासिया_१२
मागे लावलेल्या कोनमापकावर अंदाजे ५२° दिसतो. एखादा अंश इकडेतिकडे. लाकडी गोळा हलका आहे, हवा त्याला धरते.

प्रयोगवही
मग तुमचं स्टॉपवॉच बरोबर आहे. तुम्ही मोजलं ते ६०° ते ५२° मधल्या दहा आंदोलनांची सरासरी. गुणोत्तरं: ६०° ला १.०७३२, ५६° ला १.०६३२, ५२° ला १.०५४०. सरासरीसाठी मी चक्क सिम्प्सन वापरतो, इथे त्याला कुणाची हरकत नसावी: (१.०७३२ + ४ × १.०६३२ + १.०५४०) / ६ = १.०६३३. आवर्तकाल २.००८५ × १.०६३३ = २.१३५७, दहाचे २१.३६.

पण जुळलं म्हणून खूश होऊ नका. ६०° च्या आसपास कोन १° चुकला तर आवर्तकाल ०.००५ सेकंदाने हलतो, दहा आंदोलनांत ०.०५. तुमचा ५२° च मुळात अंदाज आहे. त्यात बोटाचा उशीर. जुळण्यात नशिबाचा वाटा किती हे एका मोजणीवरून कळत नाही. दोन आंदोलनांपुरतं मोजा, म्हणजे कोन फार पडणार नाही, आणि वेळ फोनच्या २४० फ्रेमवाल्या स्लो मोशन व्हिडिओवरून काढा. फ्रेम मोजताना गोळा सगळ्यात खालच्या बिंदूवरून एकाच दिशेने जातो तो क्षण घ्यायचा. तिथे वेग सर्वात जास्त, फ्रेम चुकत नाही. टोकाचा क्षण घेतलात तर गोळा कित्येक फ्रेम जागीच दिसेल. ज्या कारणाने तुमचं इंटिग्रल टोकाला अडलं, त्याच कारणाने.

जुनी_पेठ
माझ्या घड्याळाचं राहिलं.

प्रयोगवही
काका, तुमच्या घड्याळाचा झोका मधल्या रेषेपासून एकेका बाजूला ३° धरू. θ²/16 म्हणजे ०.०००१७१, दिवसाला साधारण १५ सेकंद. हे १५ सेकंद घड्याळजीने लांबी जुळवतानाच धरलेले असतात. फरक पडतो तो झोका बदलला तर. ३° चा २.५° झाला तर घड्याळ दिवसाला साडेचार सेकंद *पुढे* जाईल. म्हणजे तेल सुकून झोका कमी झाला तर या कारणाने घड्याळ मागे पडत नाही, उलट होतं.

उन्हाळा म्हणाल तर पितळेचा दांडा एका अंश सेल्सिअसला दिवसाला ०.८ सेकंद मागे नेतो, २० अंशांना १६ सेकंद. दोन मिनिटं यातूनही येत नाहीत. ती लांबीचीच आहेत: लांबी ०.२८ टक्के जास्त. लंबक २५ सेंटिमीटरचा असेल तर ०.७ मिलिमीटर. गोळ्याखालची चकती फिरवून गोळा तेवढा वर घ्या, एका दिवसाने पाहा, मग पुढचं.

विनू_देवास
ट्रॅपेझॉइडलचं पटलं, करून पाहिलं. पण मालिकेचं माझं म्हणणं मी सोडत नाही. दोन पदं कमी पडली तर चार घ्या. इंटिग्रल न करता उत्तर मिळतं की नाही?

अनुकला
मिळतं. पण मालिका दोन आहेत आणि लोक त्यांची सरमिसळ करतात. एक k ची: 1 + k²/4 + 9k⁴/64 + 25k⁶/256 + 1225k⁸/16384 + … ही आतलं वर्गमूळ द्विपदीने उलगडून पदापदाचं इंटिग्रल केलं की येते. पुढचं पद लक्षात ठेवायलाही सोपी: 1/2, 1·3/2·4, 1·3·5/2·4·6, यांचे वर्ग. दुसरी कोनाची, विनू म्हणतात ती: 1 + θ²/16 + 11θ⁴/3072 + 173θ⁶/737280 + … हिच्या सहगुणकांत काही सोपा क्रम दिसत नाही.

६०° ला तीन दुरुस्त्यांनंतर k ची मालिका १.०७२८१५ देते, कोनाची १.०७३१५५. खरं १.०७३१८२. म्हणजे दिसायला कुरूप तीच सरस. कारण असं: दोन्ही मालिका १८०° ला अडतात, कारण तिथे आवर्तकाल अनंत होतो. k च्या मालिकेत पुढचं पद आधीच्या पदाच्या साधारण k² पट होत जातं, ६०° ला ०.२५ पट. कोनाच्या मालिकेत (θ₀/180°)² पट, ६०° ला ०.११ पट. ९०° ला हेच आकडे ०.५ आणि ०.२५. कोन १७०° असेल तर ०.९९ आणि ०.८९, मग दोन्ही मालिका कपाटात ठेवाव्यात.

विनूंची पहिली दुरुस्ती ६०° ला ०.४ टक्के कमी देते. स्टॉपवॉचच्या ती जवळ आली तो निव्वळ योगायोग. हवेने कोन घटवल्यामुळे मोजणीही कमीच आली होती.

पलासिया_१२
१७०° साठी काय करायचं मग? दोऱ्याने ९०° च्या वर जाता येणार नाही, दोरा ढिला पडेल. पण हलक्या दांड्याला जड गोळा लावून करता येईल. तेव्हा पाच बिंदूंचं ट्रॅपेझॉइडल चालेल?

अनुकला
पाच बिंदू नाही चालणार. कोन १८०° कडे सरकतो तसं φ = ९०° पाशी फलन सुळक्यासारखं उंच होतं. १७०° ला तिथली किंमत ११.५ आहे. चूक तरीही तशीच झपाट्याने घटते, पण ६०° ला जी गती दर तुकड्याला मिळते ती इथे पंधराएक तुकड्यांनी मिळते. चाळीस तुकडे घ्या आणि ऐंशी घेऊन पडताळा. दोन्ही उत्तरं हव्या तितक्या अंकांपर्यंत जुळली तर पुरे.

त्याहून सोपं म्हणजे गाउसची रीत. १ आणि cos(θ₀/2) हे दोन आकडे घ्या. त्यांची साधी सरासरी आणि गुणाकाराचं वर्गमूळ, हे नवे दोन आकडे. पुन्हा तेच. दोघं एकमेकांना भिडले की त्या आकड्याने 2π√(L/g) ला भागा. झाला आवर्तकाल. हा अंदाज नव्हे, हव्या तितक्या अंकांपर्यंत नेता येणारं उत्तर. गाउसने ३० मे १७९९ ला १ आणि √२ यांची अशी सरासरी काढून ती एका इंटिग्रलशी अकरा अंकांपर्यंत जुळते असं आपल्या रोजनिशीत नोंदवलं. ते इंटिग्रल आपल्या ९०° च्या लंबकाचंच सख्खं भावंड.

६०° ला: १ आणि ०.८६६०२५४. पुढची जोडी ०.९३३०१२७ आणि ०.९३०६०४९. त्यापुढची ०.९३१८०८८ आणि ०.९३१८०८०. दोन फेऱ्यांत सहा अंक जुळले. १७०° ला चार फेऱ्या लागतात, गुणोत्तर २.४३९४ येतं.

```python
import math
def avartan(L, g, ansh):
    a, b = 1.0, math.cos(math.radians(ansh) / 2)
    while a - b > 1e-14:
        a, b = (a + b) / 2, math.sqrt(a * b)
    return 2 * math.pi * math.sqrt(L / g) / a

print(avartan(1.0, 9.786, 60))   # 2.1555
```

एकच सूचना. `a, b = ...` ही ओळ दोन ओळींत फोडू नका. फोडलीत तर b काढताना नवा a वापरला जातो. लूप तरीही संपतो, आकडाही दिसायला ठीक येतो, पण चुकीचा.

आणि दांडा जड असेल तर L म्हणजे दांड्याची लांबी नव्हे. नुसता एकसारखा दांडा टोकाशी टांगला तर L च्या जागी लांबीच्या २/३ घ्यायचे. कोनाचा हिशेब तोच राहतो.

विनू_देवास
म्हणजे उत्तर "नेमकं" आहे असं तुम्ही म्हणताय. पण सूत्र म्हणून लिहिता येत नाही ते नाहीच ना?

अनुकला
sin, log, वर्गमूळ वगैरे नेहमीच्या फलनांत ते अनिश्चित इंटिग्रल लिहिता येत नाही, हे लिउव्हिलने एकोणिसाव्या शतकात सिद्ध केलं. पण sin 40° तरी तुम्ही कसा काढता? तोही कॅल्क्युलेटर आतून मालिकेसारखंच काही करून देतो. ०° ते ९०° पर्यंतच्या आपल्या इंटिग्रलला K असं नाव दिलं, तक्ते केले, `ellipk` लिहिलं. त्याला क्लोज्ड फॉर्म म्हणायचं की नाही हे ज्याने त्याने ठरवावं.

विनू_देवास
मी नाही म्हणणार. sin चं बटण शाळेतल्या कॅल्क्युलेटरवर आहे, K चं नाही.

पलासिया_१२
प्रयोगवही, व्हिडिओ काढला. पहिली दोन आंदोलनं मिळून ४.३०२ सेकंद, म्हणजे एकाला २.१५१. दोन आंदोलनांनंतर कोन ५८° च्या थोडा वर. आणि ९.८१ ऐवजी ९.७८६ बरोबर ना? वर्गात सगळे ९.८१ च घेतात.

प्रयोगवही
९.७८६ च घ्या. इंदूर २२.७° अक्षांशावर आणि साडेपाचशे मीटर उंचीवर आहे. ९.८१ युरोपातल्या पुस्तकांना शोभतो. तो घेतलात तर दहा आंदोलनांत ०.०२५ सेकंद उगीच कमी येतील.

६०° ते ५८° ची सरासरी सुमारे ५९° धरली तर गुणोत्तर १.०७०६, आवर्तकाल २.१५०. तुमचा २.१५१. ४.३०२ सेकंदांत एका फ्रेमचा फरक ०.००४ चा, म्हणजे एका आंदोलनाला ०.००२. त्या मर्यादेत जुळलं.

तो ०.००१ तुम्हाला छळत असेल तर दोऱ्याकडे पाहा. ६०° ला टोकाशी ताण गोळ्याच्या वजनाच्या निम्मा असतो, खाली येईपर्यंत वजनाच्या दुप्पट होतो. लांबी तुम्ही गोळा स्थिर टांगून मोजली असणार. नायलॉनचा दोरा असेल तर खालून जाताना १ मिलिमीटर सहज ताणला जाईल, आणि १ मिलिमीटर म्हणजे साधारण तेवढाच ०.००१ सेकंद.

अनुकला
पण तो पूर्ण आवर्तनभर १ मिलिमीटर ताणलेला नसतो. टोकाजवळ तर स्थिर लांबीपेक्षा आखूड असतो, आणि टोकाजवळच गोळा जास्त वेळ काढतो. परिणाम वाढीचा की घटीचा, हे असं तोंडी सांगता येणार नाही. ते इंटिग्रल वेगळंच होईल.

प्रयोगवही
हे मान्य. पलासिया, नायलॉन काढून बारीक पोलादी तार लावा आणि तीच दोन आंदोलनं पुन्हा मोजा. फरक एका फ्रेमपेक्षा जास्त आला तर इथे टाका.